आयर्लंडचा दुष्काळ: फिरणाऱ्या त्या पोस्टला उत्तर

"१८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडला. आळशी आयरिश लोक बटाट्याशिवाय दुसरं काही पिकवतच नव्हते, म्हणून दहा लाख माणसं उपाशी मेली. ब्रिटिश सरकारने रोज लाखो लोकांना फुकट सूप दिलं. जमीनदारांनी तर स्वतःच्या खर्चाने कुळांना अमेरिकेला पाठवलं. निसर्गापुढे कुणाचं चालत नाही. धडा एकच, एका पिकावर अवलंबून राहू नका."

माझ्या भाच्याने हे स्पर्धा परीक्षेच्या वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं आणि "मावशी, आयर्लंडचा मुद्दा झाला" म्हणून मला सांगितलं. तोवर ही पोस्ट मी सोडून देत होते. आता नाही.

रोगाबद्दलचं खरं आहे, ते आधी मान्य करते. आपल्याकडे मंचरच्या पट्ट्यातले बटाटा उत्पादक ज्याला उशिरा येणारा करपा म्हणतात, तोच हा रोग. ओल्या, थंड हवेत त्याचे बीजाणू वाऱ्यावर पसरतात, काही दिवसांत पानं काळी पडतात आणि काढून मातीखाली झाकून ठेवलेला बटाटाही आतून सडतो. १८४५ मध्ये आयर्लंडचं तिसऱ्या हिश्शाहून जास्त पीक गेलं, १८४६ मध्ये जवळजवळ सगळंच. पण हाच करपा त्याच वर्षी बेल्जियम आणि नेदरलँड्सवरही पडला. बेल्जियमचं पहिल्या वर्षीचं नुकसान तर आयर्लंडपेक्षा मोठं होतं. तिथेही माणसं मेली, पण हजारांत. आयर्लंडमध्ये रोग पुन्हा पुन्हा आला आणि तिथली माणसं बटाट्यावर कितीतरी जास्त जगत होती, हेही खरं. मग ती इतकी बटाट्यावर का जगत होती, हा प्रश्न त्या पोस्टला पडायला हवा होता.

त्याचं उत्तर आयरिश राष्ट्रवाद्यांकडून घ्यायची गरजच नाही. १८४३ मध्ये ब्रिटिश सरकारने आयर्लंडमधल्या जमीनधारणेच्या चौकशीसाठी अर्ल ऑफ डेव्हन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आयोगाचे सदस्य स्वतःच जमीनदार होते. त्यांनी हजाराहून अधिक साक्षी घेतल्या आणि फेब्रुवारी १८४५ मध्ये, म्हणजे करपा आयर्लंडला पोचण्याच्या सहाएक महिने आधी, अहवाल दिला. त्यात लिहिलं आहे की अनेक जिल्ह्यांत मजुरांचं एकमेव अन्न बटाटा आणि एकमेव पेय पाणी आहे, त्यांच्या झोपड्या पावसापासूनही वाचवत नाहीत, अंथरूण किंवा घोंगडी ही दुर्मिळ चैन आहे. जमीनदारांनीच जमीनदारीबद्दल दिलेली ही साक्ष आहे. आळशीपणाचा आरोप करणाऱ्याने निदान एवढा अहवाल चाळावा.

हे लोक ओट पिकवत होते, डुकरं पाळत होते, पश्चिमेकडचे मजूर दरवर्षी कापणीला इंग्लंडात जात होते. पण ओट आणि डुक्कर विकून खंड भरायचा, आणि स्वतःच्या पोटाला उरलेल्या तुकड्यावरचा बटाटा. ज्याला तेवढीही जमीन नव्हती तो एका हंगामापुरता तुकडा भरमसाठ भाड्याने घ्यायचा किंवा मालकाच्या शेतात राबून त्याबदली मिळवायचा. एकरभर जमिनीत पाच-सहा माणसांचं कुटुंब वर्षातले बहुतेक महिने जगवू शकणारं दुसरं पीकच नव्हतं. अंगमेहनत करणारा पुरुष दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खात असे, कारण ताटात दुसरं काही नसे. बहुसंख्य कुळांकडे लेखी करार नव्हता, मालकाच्या मर्जीवर जमीन. बांध घातला, पाण्याचा निचरा केला, घर नीट केलं, तर खंड वाढण्याची भीती. सुधारणेची भरपाई कुळाला मिळावी असं डेव्हन आयोगानेच सुचवलं. त्यासाठीचं विधेयक १८४५ च्या उन्हाळ्यात वरिष्ठ सभागृहात आलं आणि तिथल्या जमीनदारांच्या विरोधामुळे मागे घेतलं गेलं. पीक बदलायची मुभा कोणाच्या हातात होती, हे यावरून कळतं.

सूप मिळालं. जुलै १८४७ मध्ये रोज तीस लाख लोकांना शिजवलेलं अन्न मिळत होतं, आणि संपूर्ण दुष्काळात सरकारने केलेलं हे एकमेव काम मला मनापासून चांगलं वाटतं. पण त्याच शरद ऋतूत ही स्वयंपाकघरं बंद केली गेली. त्या वर्षी करपा कमी होता, पण बियाणंच खाऊन संपल्यामुळे लागवड दुष्काळापूर्वीच्या साधारण आठव्या हिश्शावर आली होती. तरीही कोषागाराचे चार्ल्स ट्रेव्हेलियन (तेच, जे आधी बंगालमध्ये नोकरीला होते आणि पुढे मद्रासचे गव्हर्नर झाले) यांनी दुष्काळ संपल्यासारखं लिहिलं. १८४८ मध्ये करपा पूर्ण जोराने परतला. तोवर सगळा भार आयर्लंडच्या गरीबपट्टीवर, म्हणजे गरिबांच्या मदतीसाठी घेतल्या जाणाऱ्या स्थानिक करावर, टाकून दिलेला होता.

आता त्या पोस्टमधलं सर्वांत घातक वाक्य, जमीनदारांच्या खर्चाचं. भाच्याच्या वहीत त्याखाली लाल रेघ मारलेली होती, म्हणून इथे मी थांबणार आहे.

गरिबांच्या मदतीबाबतच्या जून १८४७ च्या कायद्याने दोन गोष्टी एकत्र आल्या. ज्या जमिनीचं वार्षिक मूल्यांकन चार पौंड किंवा त्याहून कमी, तिची गरीबपट्टी कुळाने नव्हे तर मालकाने भरायची, हा नियम आधीपासून होता. आता मदतीचा खर्च वाढला तशी ही पट्टी फुगली. म्हणजे छोटं कूळ खंड तर देऊ शकत नव्हतंच, वर त्याच्यापायी मालकाला कर भरावा लागत होता. आणि याच कायद्यात विल्यम ग्रेगरी या खासदाराने एक कलम घालून घेतलं: पाव एकरापेक्षा जास्त जमीन धरणाऱ्याला सरकारी मदत मिळणार नाही. पाव एकर म्हणजे आपले दहा गुंठे. दोन-तीन एकर कसणाऱ्या माणसाची पोरं उपाशी असतील, तर त्याने आधी जमीन सोडायची आणि मग वर्कहाउसच्या, म्हणजे निराधारांना ठेवून काम करून घेणाऱ्या सरकारी आश्रयगृहाच्या, दारात उभं राहायचं. जमीन सोडताना कारभारी घरही मागून घेत. कुटुंब बाहेर पडलं की छप्पर उतरवायचं, भिंती पाडायच्या, म्हणजे ते परत यायला नको. उपाशी माणसाला जमीन आणि भाकरी यांतलं एक निवडायला लावणारं हे कलम ब्रिटिश संसदेत ११७ विरुद्ध ७ मतांनी मंजूर झालं. ते करप्याने लिहिलेलं नाही. पोलिसांनी बेदखल झालेल्यांची मोजणी सुरू केली ती १८४९ मध्ये, म्हणजे सर्वांत वाईट वर्षांतली काही उलटून गेल्यावर, आणि तरीही १८५४ पर्यंतचा आकडा अडीच लाख माणसांच्या जवळ जातो. न मोजता, धाक दाखवून उठवलेले त्यात नाहीत.

या हिशेबातूनच जहाजं निघाली. रॉसकॉमन काउंटीतल्या स्ट्रोक्सटाउनचं उदाहरण घ्या. मेजर डेनिस महोन यांच्याकडे ही इस्टेट १८४५ मध्ये आली, हजारो कुळं आणि वर्षानुवर्षांची थकबाकी घेऊन. त्यांचा कारभारी जॉन रॉस महोन याने कागदावर आकडेमोड केली. या गरिबांना एक वर्ष वर्कहाउसमध्ये ठेवायला जितका खर्च येईल, त्याच्या जेमतेम निम्म्या पैशात त्यांना कॅनडाला पाठवता येतं. कॅनडा निवडलं कारण तिथलं भाडं स्वस्त होतं. तिकडून इंग्लंडला लाकूड आणणारी जहाजं परत जाताना रिकामी असत, त्यांत माणसं भरली जात. अमेरिकेच्या बंदरांचे नियम जास्त कडक होते, त्यामुळे तिकडची जागा महाग.

मे १८४७ मध्ये स्ट्रोक्सटाउनची सुमारे १,४९० माणसं कालव्याच्या काठाकाठाने डब्लिनपर्यंत चालत गेली. तिथून बोटीने लिव्हरपूल, तिथून चार जहाजांतून क्यूबेक. आधीच उपाशी असलेल्या माणसांत वाटेतच टायफस पसरला. यातलं व्हर्जिनियस नावाचं जहाज ४७६ प्रवासी घेऊन निघालं आणि दोन महिन्यांनी ग्रोस ईल या विलगीकरणाच्या बेटावर पोचलं, तेव्हा १५८ जण समुद्रातच मेले होते. तिथले वैद्यकीय अधिकारी डॉ. जॉर्ज डग्लस यांनी लिहिलं की उरलेले प्रवासी पिवळी पडलेली भुतं वाटत होते, इतकी वाईट अवस्था झालेली माणसं आपण आजवर पाहिली नाहीत, आणि खऱ्या अर्थाने धडधाकट सहा-आठच होते. त्या एका वर्षात त्या बेटावर पाच हजारांहून जास्त लोक पुरले गेले. इकडे महोन यांनी जायला नकार देणाऱ्यांना मोठ्या संख्येने बेदखल केलं, आणि २ नोव्हेंबर १८४७ ला त्यांची गोळी घालून हत्या झाली.

सगळेच मालक असे नव्हते. काहींनी खंड माफ केला, काही कुळांना जगवता जगवता स्वतः बुडाले. काहींनी पाठवलेली माणसं नीट पोचलीही. पण मालकांच्या पैशाने गेलेले एकूण स्थलांतरितांत शंभरात फार तर पाच-सहा असतील. बाकीच्यांनी गाय विकून, उरलंसुरलं मोडून किंवा आधी गेलेल्या बहीणभावाने पाठवलेल्या डॉलरवर तिकीट काढलं. एकेक बहीण पुढच्या भावाला बोलावत गेली आणि ही साखळी पुढे कित्येक दशकं चालू राहिली. त्या कष्टाचं श्रेय मालकांना देऊन टाकणं मला सहन होत नाही.

या पोस्टच्या विरोधात लिहिणारे काही जण "सगळं धान्य इंग्लंडला नेलं म्हणून दुष्काळ पडला" असंही ठोकून देतात. तेही अर्धंच. १८४६ मध्ये धान्य आयातीपेक्षा जास्त बाहेर गेलं हे खरं, पण १८४७ मध्ये निर्यातीच्या कितीतरी पट मका आयर्लंडमध्ये आला. जीव घेतला तो मधल्या हिवाळ्याने, जेव्हा ओट बंदरातून निघत होता, मका पोचला नव्हता आणि निर्यात थांबवायला सरकार तयार नव्हतं. मका आला तेव्हा तो विकत घ्यायला हातात पैसा नव्हता.

राहिला धडा. १८४१ च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या ८१ लाख ७५ हजार होती, १८५१ मध्ये ६५ लाख ५२ हजार. सुमारे दहा लाख मेले, साधारण तितकेच देश सोडून गेले. याच दहा वर्षांत एक ते पाच एकरांच्या जमीनधारणा तीन लाखांवरून नव्वद हजारांच्या आत आल्या. रिकाम्या झालेल्या जमिनीवर मालकांनी गवत वाढू दिलं आणि गुरं सोडली, कारण इंग्लंडच्या बाजारात मांसाला चांगला भाव होता. ज्यांना वेगवेगळी पिकं घ्यायला शिकवायचं, ती कुळं तिथे उरलेली नव्हती.