रेंजच्या बाहेर म्हणजे आजारी?

"रक्ताच्या रिपोर्टमध्ये एकही आकडा नॉर्मल रेंजच्या बाहेर गेला, तर समजा आजार सुरू झाला. सगळे आकडे आत आले की गोळ्या बंद करा, शरीर बरं झालंय. आणि दोन लॅबच्या रेंज वेगळ्या असतील तर त्यातली एक लॅब फसवतेय. सर्वांना पाठवा."

पाठवलाही सर्वांनी. घरोघरच्या वडीलधाऱ्यांच्या फोनवर हा मजकूर पोचलाय आणि काहींनी त्यावरून गोळ्या बाजूला ठेवल्यात, म्हणून राग येतो.

रेंज कशी काढतात ते आधी पाहू. यासाठी लॅब चाचण्यांची मानकं ठरवणाऱ्या सीएलएसआय या संस्थेची ईपी२८ ही मार्गदर्शिका जगभरच्या लॅब प्रमाण मानतात. तिच्या मते किमान १२० निरोगी माणसं निवडायची. स्त्री-पुरुषांचे आकडे वेगळे पडत असतील तर प्रत्येक गटात १२०. त्यांचे निकाल चढत्या क्रमाने मांडायचे. खालून तिसरा आकडा ही खालची सीमा, वरून तिसरा ही वरची. म्हणजे मधले ९५ टक्के आत आणि दोन्ही टोकांचे साधारण अडीच-अडीच टक्के निरोगी लोक मुद्दाम बाहेर ठेवलेले असतात. सगळ्यांनाच आत का घेत नाहीत? कारण मग सीमा सर्वांत टोकाच्या एका माणसावर ठरेल. त्याला छुपा आजार असला किंवा त्याचं रक्त नीट घेतलं गेलं नसलं, तर रेंज उगाच रुंद होईल. ९५ हा आकडा निसर्गाने दिलेला नाही, तो सोयीचा संकेत आहे.

आता 'एकही आकडा बाहेर' याचा हिशेब करा. ठणठणीत माणसाची एक चाचणी रेंजमध्ये येण्याची शक्यता ०.९५. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या केल्या तर सगळ्या आत येण्याची शक्यता ०.९५ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ०.३६. शंभरातल्या ६४ निरोगी माणसांच्या रिपोर्टमध्ये निदान एक आकडा ठळक छापून येणार! प्रत्यक्षात हिमोग्लोबिन आणि हिमॅटोक्रिटसारखे आकडे जोडीने हलतात, म्हणून प्रमाण थोडं कमी भरतं. वरची सीमा ४० असताना यकृताच्या तपासणीतलं एसजीपीटी ४३ येणं आणि ४३० येणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात जुना रिपोर्ट पाहायचा, लागल्यास चाचणी पुन्हा करायची. दुसऱ्यात त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. साखर, तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारं एचबीए१सी आणि कोलेस्टेरॉल यांच्या सीमा अशा १२० जणांवरून ठरत नाहीत. किती आकड्यापुढे धोका वाढतो, यावरून त्या ठरवल्यात. तिथे "पाच टक्के तर बाहेर असतातच" म्हणून एचबीए१सी ६.८ कडे दुर्लक्ष करू नका.

खरा घातक भाग दुसरा आहे. रेंज निरोगी माणसांवरून बनते. आजारी माणसाचा आकडा तिच्या आत पडणारच नाही, असं ती कुठेच सांगत नाही. मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारं क्रिएटिनिन घ्या. समजा पुरुषांची रेंज ०.७ ते १.३ आहे. एखाद्या किरकोळ अंगाच्या आजोबांचं नेहमी ०.८ असतं. जुलाब झाले, त्यात दुखण्याच्या गोळ्या घेतल्या आणि दोन दिवसांत ते १.२ झालं. रिपोर्टवर एकही खूण नाही, सगळं 'नॉर्मल'. पण ४८ तासांत ०.३ ची वाढ हा मूत्रपिंडाला अचानक इजा झाल्याचा मान्य निकष आहे. असं होतं कारण एका माणसाचं क्रिएटिनिन स्वतःच्या अरुंद पट्ट्यात फिरतं आणि रेंज मात्र दणकट पहिलवानापासून काटकुळ्या आजोबांपर्यंत सगळ्यांना सामावते. म्हणून जुने रिपोर्ट जपून ठेवायचे.

आणि गोळ्या बंद करणं? थायरॉईडच्या रुग्णाचं टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं संप्रेरक, आत येतं ते गोळीमुळेच. ते औषध रक्तातून निम्मं व्हायलाच सुमारे आठवडा लागतो आणि टीएसएच नव्या पातळीवर स्थिरावायला सहाएक आठवडे. गोळी सोडून चार दिवसांनी केलेली चाचणी छानच दिसेल, आणि तेवढ्यावर "बघा, गरजच नव्हती" हा गैरसमज पक्का होईल.

लॅबच्या वेगळ्या रेंजचं थोडक्यात: यंत्र, किट आणि पद्धत बदलली की आकडाही सरकतो, म्हणून सीमाही सरकते. त्यात फसवणूक नाही. किटच्या पत्रकातली रेंज जशीच्या तशी छापणाऱ्या लॅब आहेत, ही तक्रार खरी. उसनी रेंज वापरण्याआधी लॅबने निदान २० निरोगी स्थानिक माणसांवर ती तपासायची असते. दोनपेक्षा जास्त जण बाहेर पडले नाहीत तर ती चालते. पडले तर आणखी २० जण घ्यायचे, आणि तरीही तेच झालं तर स्वतःची रेंज काढायची. तुमच्या लॅबने हे केलंय का, हे तिथल्या पॅथॉलॉजिस्टना खुशाल विचारा.