खुलासा: काट्यावरचं वजन आणि पोटाचा घेर

"वजन उंचीच्या मानानं बरोबर असलं की पोट सुटलेलं चालतं, शुगर-बीपीची भीती नाही." परभणी-जालन्याकडच्या ग्रुपांवर फिरणारा हा मेसेज चुकीचा आहे.

काटा चरबी, स्नायू, हाडं सगळं एकत्र मोजतो. चरबी कुठं साठली ते सांगत नाही. पोटाच्या आत, आतड्यांभोवती साठलेल्या चरबीतली आम्लं थेट यकृतात जातात आणि इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. धोका इथं आहे. समजा, उंची १६५ सेंमी, वजन ६२ किलो. उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा, बीएमआय, जवळपास २२.८, म्हणजे ठीक. पण घेर ९४ सेंमी असेल, तर शुगर, बीपी आणि रक्तातली चरबी तपासायलाच हवी. भारतीयांसाठी मर्यादा पुरुषांना ९० आणि बायांना ८० सेंमी मानतात.

पॅन्टचा नंबर धरू नका, पॅन्ट पोटाखाली बसते. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचं वरचं टोक यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, उघड्या अंगावर टेप लावा. पोट आत ओढू नका. गरोदरपणात किंवा पोटात पाणी झालं असेल तर हे माप लागू नाही.

घेर जास्त म्हणजे आजार झालाच, असं नाही. तपासणी मात्र टाळू नका. तो मेसेज कृपया पुढं पाठवू नका.