सहसंबंध जास्त धरला तर रुग्ण कमी लागतात की जास्त?

प्रतिक्रिया: सर, तुम्ही लिहिलंय की वेगवेगळ्या वेळच्या मोजमापांमधला सहसंबंध जास्त धरला की सॅम्पल कमी लागतं. आमच्या पीएसएम विभागातले सांख्यिकीतज्ज्ञ नेमकं उलट सांगतात. माझा विषय गुडघेदुखी; रँडमाइज केलेले दोन गट, सुरुवातीला आणि मग २, ४, ८, १२ आठवड्यांनी व्हीएएस. अर्धवट लिहून विद्यार्थ्यांची दिशाभूल करू नका. – पीजी विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर:

नमस्कार डॉक्टर,

तुमच्या सांख्यिकीतज्ज्ञांचं बरोबर आहे आणि मी माझ्या वाक्यावरही ठाम आहे. ते गटांच्या सरासरीबद्दल बोलताहेत, मी बदलाबद्दल लिहिलं होतं. तुमच्याच अभ्यासावर आकडे घालून पाहू.

समजा व्हीएएसचं स्टँडर्ड डेव्हिएशन २० मिमी आहे आणि दोन गटांत १० मिमी फरक पकडायचा आहे. ५ टक्के सिग्निफिकन्स आणि ८० टक्के पॉवर धरली, तर एकाच वेळच्या मोजमापाला प्रत्येक गटात ६३ रुग्ण लागतात. आता या ६३ ला कशाने गुणायचं, ते तुमचा मुख्य प्रश्न ठरवतो.

प्रश्न असा असेल की उपचारानंतरच्या चारही भेटींची सरासरी दोन गटांत वेगळी आहे का, तर गुणक (1+3ρ)/4. सहसंबंध ०.२ असेल तर गटात २६ रुग्ण, ०.५ ला ४०, ०.८ ला ५४. एकाच रुग्णाची चार उत्तरं एकमेकांसारखीच येत असतील, तर दुसऱ्या-तिसऱ्या उत्तरातून नवीन माहिती फारशी मिळत नाही, म्हणून माणसं वाढवावी लागतात.

प्रश्न असा असेल की सुरुवातीपासून बाराव्या आठवड्यापर्यंत दुखणं किती उतरलं आणि तो उतार दोन गटांत वेगळा आहे का, तर गुणक 2(1−ρ). इथे ०.२ ला १०१ रुग्ण, ०.५ ला ६३, ०.८ ला २६. कुणी मुळातच रेघेवर लांब खूण करतं, कुणी जवळ. वजाबाकीत ही सवय निघून जाते, आणि सहसंबंध जितका जास्त तितकी ती जास्त निघते.

जी-पॉवरमध्ये हे लगेच तपासता येतं. `Corr among rep measures` या चौकटीत ०.५ आधीच भरलेला असतो, आणि बरेच सिनॉप्सिस त्याला हात न लावताच पुढे जातात. तिथे ०.८ टाकून बघा. `between factors` निवडलं असेल तर सॅम्पल वाढेल, `within-between interaction` निवडलं असेल तर कमी होईल. आकडा कुठल्या दिशेला सरकतो यावरून आपण कुठल्या प्रश्नाचं सॅम्पल काढतोय ते कळतं.

मला खरी काळजी वाटते ती पुढच्या गोष्टीची. वरची सूत्रं कोणत्याही दोन भेटींमध्ये सहसंबंध सारखाच आहे असं मानतात. प्रत्यक्षात भेटींमधलं अंतर वाढतं तसा तो सहसा कमी होत जातो. दुसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात तो चांगला असेल, पण सुरुवात आणि बारावा आठवडा यांच्यात तेवढा राहत नाही. बदलाच्या प्रश्नाला नेमकी हीच लांबची जोडी लागते. आता कुणी व्हीएएसच्या विश्वासार्हतेवरचा पेपर काढतं, त्यात दोन-चार दिवसांच्या अंतराने घेतलेला ०.९ सापडतो आणि तोच इथे बसवतं. मग गटात १३ रुग्ण पुरेसे दिसतात. खरा सहसंबंध ०.४ असेल तर ७६ लागले असते. असा अभ्यास शेवटी ‘फरक आढळला नाही’ असं लिहून संपतो आणि चांगला उपचारही बाद ठरतो.

लांबच्या जोडीचा आकडा मिळवता येतो. जवळपास तेवढ्याच कालावधीच्या जुन्या अभ्यासात सुरुवातीचं, शेवटचं आणि बदलाचं अशी तीन स्टँडर्ड डेव्हिएशन दिली असतील, तर:

```
r = (s1^2 + s2^2 - sd^2) / (2*s1*s2)
```

s1 आणि s2 दोन्ही २० आणि बदलाचं sd २२ असेल, तर ३१६ भागिले ८००, म्हणजे सुमारे ०.४.

माझं मत विचाराल तर बारावा आठवडा हाच मुख्य निष्कर्ष ठेवा आणि विश्लेषण सुरुवातीचा व्हीएएस धरून, म्हणजे अँकोव्हाने करा. तिथे गुणक 1−ρ² होतो. ०.४ ला गटात ५३ रुग्ण, आणि सहसंबंध अगदी शून्य निघाला तरी ६३ च्या वर जायची वेळ येत नाही. बदलाच्या साध्या तुलनेत ०.५ च्या खाली गेलं की मोजमाप एकदाच केलं असतं तर बरं, अशी अवस्था होते.

गळती वेगळी धरा. काटोल-उमरेडकडून येणारा माणूस दुखणं थांबलं की बाराव्या आठवड्यात ओपीडीत येईलच असं नाही. २० टक्के गळती धरली तर ५३ भागिले ०.८, म्हणजे गटात ६७. सिनॉप्सिसमध्ये ०.४ कुठल्या अभ्यासातून काढला ते एका ओळीत लिहा, आणि शेजारी ०.३ ला ५८ व ०.५ ला ४८ लागतात हेही दाखवा (दोन्ही गळती धरण्याआधीचे आकडे). सांख्यिकीतज्ज्ञांना हा कागद दाखवा आणि त्यांचं काय म्हणणं आहे ते इथे जरूर कळवा.