999 मधले 18 टक्के म्हणजे 179.82 नव्हे

“एमआरपी 999, त्यात 18% जीएसटी. म्हणजे टॅक्स 179.82. बिलावर दाखवतात 152.38. बाकीचे 27 रुपये दुकानदाराच्या खिशात! वर सीजीएसटी आणि एसजीएसटी, एकाच वस्तूवर दोनदा टॅक्स. बिल तपासा, पुढे पाठवा.”

घरच्या ग्रुपवर हे तिसऱ्यांदा आलं, आणि आता काकू बिल घेऊन दुकानात भांडायला निघाल्यात. त्याआधी एक बेरीज करून बघा.

999 मधून 179.82 वजा केले की उरतात 819.18. हीच मूळ किंमत असेल, तर तिच्यावर 18 टक्के लावून पुन्हा 999 यायला हवेत. येतात 966.63. मेसेजवाल्याचे स्वतःचेच 32 रुपये कुठे गेले? टॅक्स मूळ किमतीवर लागतो आणि 999 मध्ये तो आधीच मिसळलेला आहे. मूळ किंमत 100 धरली तर ग्राहक 118 देतो, त्या 118 मधले 18 टॅक्सचे. म्हणून:

```
टॅक्स = 999 × 18 ÷ 118 = 152.39
मूळ किंमत = 999 − 152.39 = 846.61
```

केंद्रीय जीएसटी नियमावली 2017 मधला नियम 35 नेमका हाच हिशेब सांगतो. भागायचं ते 100 अधिक सगळ्या दरांच्या बेरजेनं. सीजीएसटी एकट्याचा काढायचा तरी 999 × 9 ÷ 118, म्हणजे 76.19. इथे 109 नं भागून 82.49 काढणारेही भेटतात. एसजीएसटीचे 9 टक्के त्याच किमतीत बसलेत हे ते विसरतात.

दोनदा टॅक्सची गोष्ट तर दोन ओळींची आहे. 18 म्हणजेच 9 आणि 9: अर्धा केंद्राचा, अर्धा राज्याचा, दोन्ही 846 च्याच रकमेवर. बिलावर दोन्ही रकमा सारख्या हव्यात. परराज्यातल्या विक्रेत्याकडून माल मागवला तर त्यांच्या जागी आयजीएसटी 18% अशी एकच ओळ असते. 76.19 दोनदा घेतले की 152.38 होतात, 152.39 नाही. हा एक पैसा अर्धे वेगवेगळे पूर्णांकित केल्यामुळे पडतो. त्यावरून भांडू नका.

बिलावर 5 आणि 18 अशा दोन्ही दरांच्या वस्तू असतील तर एकूण रकमेला 118 नं भागणं व्यर्थ. दरागणिक वेगळी बेरीज करा.

आता मेसेजमधलं जे थोडं खरं, ते नाइलाजानं मान्य करतो: 179.82 हा आकडा कधीकधी खरंच बिलावर दिसतो. दुकानदारानं 999 हीच मूळ किंमत धरून वर टॅक्स चढवला आणि 1178.82 मागितले, तर. एमआरपीत सगळे कर धरलेलेच असतात, त्यामुळे ते पैसे देऊ नका. पण काकूंच्या बिलाची शेवटची ओळ 999 च आहे.