सव्वीस लाल चेंडू आणि मोंढ्यातला हिशेब

«पॉवरबॉलमध्ये पाच पांढरे आकडे जुळायची शक्यता १ कोटी १२ लाखांत एक, लाल आकड्याची २६ मध्ये एक. बेरीज केली तरी सव्वा कोटीच्या आत. सव्वीस जणांनी मिळून सव्वीसही लाल आकडे घेतले की लाल पक्का, अर्धं काम फत्ते! कंपनी मात्र लालची शक्यता ३८ मध्ये एक छापते, म्हणजे ड्रममध्ये गडबड. २०१५ ला लाल चेंडू कमी केल्यापासून जॅकपॉट सोपा झालाय. पैसे एजंट पाठवील.»

लातूर-परभणीकडच्या मोंढ्यांतल्या ग्रुपांवर हे फिरतंय. पॉवरबॉल ही अमेरिकेतली लॉटरी: एका ड्रममधून पाच पांढरे चेंडू निघतात, दुसऱ्यातून एक लाल, आणि सहाही आकडे जुळले तरच जॅकपॉट. यातले काही आकडे खरे आहेत, म्हणून पटकन पटतं.

आधी बेरजेचं बघू. खेळ लहान करा: १ ते ५ मधून दोन पांढरे आकडे आणि १ ते ३ मधून एक लाल. पांढऱ्यांच्या जोड्या दहा होतात, कागदावर लिहून बघा. प्रत्येक जोडीपुढं तीनपैकी कुठलाही लाल येऊ शकतो, म्हणजे वेगवेगळी तिकिटं तीस, तेरा नाहीत. दोन्ही ड्रम एकमेकांना विचारून चालत नाहीत, म्हणून इथं गुणाकारच होतो. खऱ्या खेळात ६९ मधून पाच निवडायचे. ६९, ६८, ६७, ६६ आणि ६५ यांचा गुणाकार करायचा आणि क्रमाला किंमत नसल्यामुळं १२० नं भागायचं. उत्तर १,१२,३८,५१३. त्याला २६ नं गुणलं की २९,२२,०१,३३८. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाखांच्या आसपास होती. तिच्या अडीचपटीहून मोठ्या गर्दीत तुमचं तिकीट एक.

आता सव्वीस जणांची वर्गणी. तिकीट २ डॉलरचं, म्हणजे ५२ डॉलर गेले. पाच पांढरे तेच ठेवून लाल १ ते २६ घेतले, तर एका तिकिटावर लाल नक्की येणार, हे खरंच आहे. पण नुसता लाल जुळला तर बक्षीस ४ डॉलर. एकही पांढरा आला नाही, आणि बहुतेक वेळा तसंच होतं, तर ४८ डॉलर बुडाले आणि चार डॉलर सव्वीस जणांत वाटायचे! जॅकपॉटची शक्यता या सव्वीस तिकिटांवर १ कोटी १२ लाखांत एक झाली, हेही खरं. मात्र कुठलीही सव्वीस वेगवेगळी तिकिटं घेतली असती तरी ती तेवढीच झाली असती. लाल पक्का केल्याचा वेगळा फायदा शून्य, कारण अडचण पांढऱ्यांची आहे आणि ती होती तिथंच राहिली.

३८ च्या आकड्यावरचा संशय मला यातला सगळ्यात चांगला प्रश्न वाटतो. विचारणाऱ्यानं निदान छापील तक्ता वाचलाय. तक्त्यातली ती ओळ ‘लाल जुळला’ अशी नाही. लाल जुळला आणि पांढरा एकही जुळला नाही, अशी आहे. पाचही पांढरे चुकायची शक्यता साधारण ६८ टक्के असते. म्हणजे शंभर वेळा लाल लागला तर ६८ वेळा तो एकटा असतो, उरलेल्या ३२ वेळा सोबत एखादा तरी पांढरा असतो आणि ते तिकीट तक्त्यात दुसऱ्या ओळीत मोजलं जातं. २६ ला ०.६७८ नं भागा, ३८.३ येतात. पडताळा घ्यायचा असेल तर लाल असलेल्या सगळ्या ओळींच्या शक्यता एकत्र करा. लाल आणि एक पांढरा, ९२ मध्ये एक. लाल आणि दोन पांढरे, ७०१ मध्ये एक. पुढच्या ओळी फारच बारीक. सगळं मिळून बरोबर २६ मध्ये एक येतं.

२०१५ च्या बदलाची अर्धीच बाजू सांगितली जाते. त्या ऑक्टोबरात लाल ३५ वरून २६ केले, त्याच वेळी पांढरे ५९ वरून ६९ केले. जॅकपॉट १७ कोटी ५२ लाखांत एक होता, तो २९ कोटी २२ लाखांत एक झाला. सोपं झालं ते काहीतरी किरकोळ लागणं: पूर्वी साधारण ३२ तिकिटांत एकाला काहीतरी मिळायचं, आता २५ मध्ये एकाला. लोकांना चार डॉलर जास्त वेळा लागतात आणि जॅकपॉट न लागता फुगत जातो. आखणी म्हणून हुशारीच आहे.

राहिला एजंट. लॉटरीच्या तिकिटांसाठी भारतातून परदेशी पैसे पाठवायला परकीय चलनाच्या नियमांत सरळ मनाई आहे. ‘आपलं तिकीट निघालं’ म्हणून तो फोनवर फोटो दाखवील, पण पैसे वसूल करायला कुठल्या दारात जाणार, ते वर्गणी देण्याआधी त्यालाच विचारा.