एका वक्त्यासमोर दोन माइक, आणि तीनास एकचा नियम

«एकापेक्षा दोन माइक कधीही चांगले, आवाज दुप्पट भरदार येतो. फेजची भीती असेल तर तीनास एकचा नियम पाळा: पहिला माइक वक्त्यापासून १ फुटावर, दुसरा ३ फुटांवर. तरी आवाज पोकळ वाटला तर मिक्सरवरचं फेजचं बटण दाबा, काम झालं.»

माइक लावण्याच्या या सल्ल्यातलं एकेक वाक्य घेतो, कारण हे वाचून माइक लावणाऱ्यांच्या कार्यक्रमात मी श्रोता म्हणून बसलोय आणि वक्त्याचा आवाज मिनिटामिनिटाला बदलताना ऐकलाय.

आधी भरदारपणाचं. व्याख्यानाला पोडियमवर दोन लवचिक दांड्यांचे माइक असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. समजा, दोघांत ४० सेंटिमीटर अंतर आहे आणि वक्ता बरोबर मधे, ३० सेंटिमीटर मागे उभा आहे. दोन्ही माइकांपर्यंतचं अंतर सारखंच, त्यामुळे आवाज दोघांत एकाच क्षणी पोचतो आणि मिक्सरमध्ये बेरीज होऊन ६ डेसिबलनं वाढतो. साउंड चेकला «हॅलो, एक दोन तीन» म्हणणारा माणूस नेमका मधे उभा राहतो, म्हणून तेव्हा सगळं छान वाटतं.

आता वक्ता कागद बघायला १० सेंटिमीटर उजवीकडे सरकला. उजवा माइक त्याच्या तोंडापासून साधारण साडेएकतीस सेंटिमीटरवर आला, डावा साडेबेचाळीसवर गेला. फरक ११ सेंटिमीटरांच्या आतबाहेर. ध्वनी सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो, म्हणजे डाव्या माइकात तोच आवाज ०.३ मिलिसेकंद उशिरा पोचतो. ऐकताना एवढा उशीर कुणाला कळणार नाही, पण १६०० हर्ट्झच्या लहरीला तेवढ्यात अर्धा फेरा पूर्ण होतो. एका माइकात ती लहर वर असते तेव्हा दुसऱ्यात खाली, फेजची भीती म्हणतात ती हीच, आणि बेरीज केली की दोघी एकमेकींना खातात. ४८०० हर्ट्झला दीड फेरा होतो, तिथेही तेच. मधे ३२०० ला पूर्ण फेरा होतो, तिथे उलट आवाज वाढतो. आलेखावर असे समान अंतरावर खड्डे आणि उंचवटे दिसतात, कंगव्याच्या दातांसारखे, म्हणून नाव कॉम्ब फिल्टरिंग.

या उदाहरणात जवळच्या माइकाच्या तुलनेत खड्डा साधारण १२ डेसिबल खोल जातो आणि उंचवटा ५ डेसिबलपर्यंत चढतो. आणि खड्डे पडतात कुठे, तर शब्द स्पष्ट करणाऱ्या भागात. वक्ता हलला की वेळेतला फरक बदलतो आणि सगळा कंगवा सरकतो. पाइपातून बोलल्यासारखा, मधूनच गुळगुळीत होणारा आवाज येतो तो यामुळे. इक्वलायझरनं हे भरून निघत नाही, कारण जिथे बेरीजच शून्याकडे गेली तिथे वाढवायला फारसं काही उरत नाही, आणि खड्डा पुढच्या वाक्याला दुसरीकडे गेलेला असतो. शिवाय दोन माइक उघडे ठेवले म्हणून स्पीकर शिट्टी मारू लागण्याआधी आवाज वाढवायला मिळणारी जागा साधारण ३ डेसिबलनं कमी होते. मिळवायला गेलो जोर, आणि गमावला तोच.

नियमाबद्दल जे लिहिलंय ते मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण नियम चांगला आहे आणि त्याला भलत्या जागी नेऊन बसवलंय. तीनास एक हा एका वक्त्याच्या दोन माइकांसाठी नाहीच. दोन माणसं किंवा दोन वाद्यं, प्रत्येकाला आपापला माइक, अशा वेळचा तो आहे: माइक आपल्या वाद्यापासून जेवढा लांब, त्याच्या किमान तिप्पट अंतर दोन माइकांमध्ये ठेवा. त्यानं वेळेतला फरक जात नाही, उलट वाढतो. कमी होते ती शेजारच्या माइकात शिरणाऱ्या आवाजाची पातळी. अंतर तिप्पट झालं की उघड्या जागेत आवाज सुमारे ९.५ डेसिबलनं पडतो. एवढी कमजोर प्रत मूळ आवाजात मिसळली तर उंचवटा अडीच आणि खड्डा साडेतीन डेसिबलचा राहतो. कंगवा असतोच, पण दात बोथट झालेले असतात.

भजनातलं उदाहरण घ्या. गायकबुवांचं तोंड माइकापासून १५ सेंटिमीटरवर, तर पेटीचा माइक त्या माइकापासून किमान ४५ सेंटिमीटर दूर हवा. मोजपट्टी लावून ठेवला, सगळं नियमात. मग पेटी कमी येते म्हणून तिचा फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाज वाढवायची सरकपट्टी, ६ डेसिबल वर ढकलली, आणि त्याच माइकातला बुवांचा आवाजही ६ डेसिबलनं वर आला. साडेनऊचा फरक साडेतीनवर आला. नियम मोडला, माइक जागचा हललेला नसताना. दोन्ही चॅनेल साधारण सारख्या पातळीवर असतील तरच हे गणित चालतं. दगडी सभामंडपात आवाज भिंतींवरून परततो, तिथे तिप्पट अंतरालाही पूर्ण साडेनऊ डेसिबल मिळत नाहीत. अशा वेळी मी आधी पेटीचा माइक पेटीच्या आणखी जवळ नेतो, म्हणजे फेडर चढवावा लागत नाही, आणि मागून येणारा आवाज कमी घेणाऱ्या कार्डिऑइड माइकाची पाठ बुवांकडे करतो.

आता तो १ आणि ३ फुटांचा सल्ला याच गणितात घालून बघा. दोन फुटांच्या फरकानं १.८ मिलिसेकंद उशीर, पहिला खड्डा २८० हर्ट्झच्या आसपास, पुढचे ८५० आणि १४०० जवळ. लांबचा माइक साडेनऊ डेसिबल खालीच ठेवलात तर नुकसान थोडं, पण मग त्याचा उपयोगही थोडा. त्याचा आवाज ऐकू यावा म्हणून फेडर चढवलात की खड्डे पुन्हा खोल होतात. एका वक्त्याला दुसरा माइक हवाच असेल तर दोन मार्ग आहेत. दोन्ही माइकांची तोंडं अगदी एकमेकांला लागून ठेवा, म्हणजे वेळेत फरकच उरत नाही. नाहीतर दुसरा बंद ठेवा आणि पहिला गेला तरच उघडा. पोडियमवर मी दुसराच मार्ग धरतो.

शेवटी बटण. त्यावर फेज लिहिलेलं असलं तरी ते वेळ बदलत नाही, लहर फक्त उलटी करतं. त्यामुळे खड्ड्यांच्या जागी उंचवटे येतात आणि उंचवट्यांच्या जागी खड्डे. वरच्या पोडियमवर ते दाबलं तर १६०० चा खड्डा भरेल, पण नवा खड्डा ३२०० ला पडेल, आणि दुसरा थेट तळाला, त्यामुळे खर्ज गळून आवाज पातळ होईल. वक्ता परत मधे आला की तर त्याचा आवाज जवळजवळ नाहीसाच होईल. दोन माइक एकमेकांच्या समोरासमोर असतात, जसं ड्रमच्या वरच्या आणि खालच्या कातड्याला लावलेले, तिथे या बटणाचं खरं काम असतं, कारण तिथे एका माइकात लहर मुळातच उलटी शिरते.

हे सगळं सिद्ध करायला यंत्र लागत नाही. वक्त्याला बोलत ठेवा, त्याला एक पाऊल इकडेतिकडे हलायला सांगा आणि एका माइकाचा फेडर पूर्ण खाली आणा. एकूण आवाज थोडा कमी होईल. पण शब्द सुटे झाले, हलताना रंग बदलायचा थांबला, तर तिथे कंगवा होता. तो फेडर तसाच खाली राहू द्या.