बोनसच्या महिन्यात जास्त टीडीएस कापणे बेकायदा नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा दावा: «महिन्याला एक लाख किंवा त्याहून कमी पगार असेल तर टीडीएस शून्य. बोनसच्या महिन्यात भसकन कर कापला तर ती कंपनीची मनमानी. एप्रिलमध्ये गुंतवणूक जाहीर केली की सवलत पक्की. नोकरी बदलली तर नवी कंपनी हिशोब नव्याने मांडते, तुम्ही काही करायचे नाही.»

२०२५-२६ पर्यंत लागू असलेल्या आयकर कायदा १९६१ च्या कलम १९२ मध्ये महिन्याच्या पगारावर कर लावायची सोयच नव्हती. कंपनीने त्या आर्थिक वर्षात मिळणाऱ्या एकूण पगाराचा अंदाज बांधायचा, त्यावरचा वर्षाचा कर काढायचा आणि तो महिन्यांवर वाटायचा. पुढची आकडेमोड २०२५-२६ च्या दरांनी केली आहे. त्या वर्षी नव्या करप्रणालीत दरमहा एक लाख म्हणजे वर्षाचे १२ लाख. त्यातून ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की करपात्र उत्पन्न ११.२५ लाख उरते, आणि १२ लाखांपर्यंत सूट असल्याने कर शून्य होतो. म्हणजे इथवर दाव्याचे उत्तर बरोबर येते, पण मर्यादा वर्षाची आहे, महिन्याची नाही. जुनी प्रणाली निवडलेल्याला तर हे उत्तरही लागू होत नाही.

खरी गडबड बोनसपाशी होते. याच कर्मचाऱ्याला २,४०,००० बोनस मिळाला, तर वर्षाचा पगार १४,४०,००० आणि करपात्र उत्पन्न १३,६५,००० होते. करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या वर गेल्याने सूट गेली आणि कर टप्प्यांनुसार लागला. चार ते आठ लाखांवर २०,०००, आठ ते बारावर ४०,०००, वरच्या १,६५,००० वर पंधरा टक्क्यांनी २४,७५०, एकूण ८४,७५०. त्यावर चार टक्के उपकर धरून ८८,१४०. लक्षात घ्या, हा सगळा कर बोनसमुळेच आला. तोवर एक पैसाही कापलेला नव्हता. आता पेरोलवाले काय करतात?

```
या महिन्याचा टीडीएस =
(वर्षाचा अंदाजे कर - आतापर्यंत कापलेला) / उरलेले महिने
```

उरलेल्या महिन्यांत चालू महिनाही मोजायचा. बोनस ऑक्टोबरमध्ये आला तर सहा महिने हाती आहेत, दरमहा १४,६९० कापले जातील. फेब्रुवारीत आला तर दोनच महिने उरतात आणि कपात ४४,०७० वर जाते. काही कंपन्या बोनसवरचा कर त्याच महिन्यात पूर्ण कापतात. वर्षाची बेरीज तीच राहते. आधीची कमी-जास्त कपात त्याच वर्षात सावरून घ्यायची मुभा १९६१ च्या कायद्यातले कलम १९२(३) देत होते. तक्रार करायचीच तर वेगळी करावी: बोनसची रक्कम करारातच ठरलेली असेल तर ती एप्रिलच्या अंदाजात का धरली नाही? धरली असती तर दरमहा ७,३४५ गेले असते आणि फेब्रुवारीत धक्का बसला नसता.

जाहीर केलेली गुंतवणूक हा फक्त अंदाज असतो. २०२५-२६ मध्ये जुन्या प्रणालीत गुंतवणुकीची वजावट देणाऱ्या कलम ८०सी खाली दीड लाख जाहीर केले आणि जानेवारीत पावत्या ६०,००० च्याच दिल्या, तर ९०,००० ची वजावट निघून जाते. वीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकरासह १८,७२० चा फरक पडतो, आणि तो जानेवारी ते मार्च दरमहा ६,२४० असा वसूल होतो. गुंतवणूक ३१ मार्चच्या आत खरोखर केली, फक्त पावती वेळेत दिली नाही, तर ती वजावट विवरणपत्रात मागता येते आणि जादा गेलेला कर परत मिळतो. नवी प्रणाली घेतलेल्यांना ८०सी मिळतच नाही, त्यामुळे या पावत्यांचा त्यांच्या टीडीएसशी संबंध नाही.

चौथे वाक्य सर्वांत महागात पडणारे आहे. दरमहा १,२०,००० पगाराची नोकरी ऑक्टोबरमध्ये त्याच पगारावर बदलली असे धरा. पहिली कंपनी वर्षाचे १४,४०,००० धरून दरमहा ७,३४५ कापते. सहा महिन्यांत ४४,०७०. नव्या कंपनीला फक्त स्वतःचे सहा महिने दिसतात: ७,२०,०००. तीही ७५,००० वजा करते, सूट देते आणि कर शून्य काढते. हातात येणारा पगार वाढलेला दिसतो, पण प्रमाणित वजावट वर्षातून एकदाच मिळते आणि सूट वर्षाच्या एकूण उत्पन्नावर ठरते. विवरणपत्र भरताना ४४,०७० ची बाकी निघते, शिवाय आगाऊ कर न भरल्याचे व्याज.

२०२५-२६ मध्ये यावर उपाय होता फॉर्म १२बी. त्यात जुन्या कंपनीचा पगार आणि तिने कापलेला कर लिहून नव्या कंपनीला द्यायचा. रुजू होतानाच दिलात तर उरलेले ४४,०७० सहा महिन्यांत पुन्हा ७,३४५ प्रमाणे जातात. जानेवारीत दिलात तर तीन महिने १४,६९०. मार्चचा पगार निघून गेल्यावर लक्षात आले तर बाकी रक्कम आगाऊ कर म्हणून ३१ मार्चच्या आत स्वतःच भरा. नाहीतर एप्रिलपासून बाकीवर महिन्याला एक टक्का व्याज सुरू होते.